हरकतींची बारनिशी

ज्या धंद्यात माल एकाच जातीचा असून गिऱ्हाईक मात्र हजार जातींचे असते, त्या धंद्याची सारी विद्या दुकानात नसून दुकानातील एखाद्या जुन्या माणसाच्या जिभेवर वसत असते. आणि तो माणूस ज्या दिवशी हिशेब चुकता करून समोरच्याच गाळ्यात स्वतःचे दुकान थाटतो, त्या दिवशी मालकाला प्रथमच असा साक्षात्कार होतो की इतकी वर्षे आपल्या मालकीची काय ती नळ्यांची वेटोळी होती. बीडच्या मोंढ्यापासून थोड्या अंतरावर ठिबक सिंचनाचे साहित्य विकणारे आमचे एक स्नेही आहेत. सर्व गाव त्यांस मालक म्हणते, तेव्हा आपणही तसेच म्हणू. त्यांच्याकडे एक तात्या होते. तात्यांनी विक्री केली असे कोणी कधी पाहिले नाही. ते शेतकऱ्याच्या बांधावर बसत, पावसाला नावे ठेवीत, तंबाखू मळीत, आणि उठताना त्यांच्या खिशात बयाण्याची रक्कम असे. हे कसे घडते, असा प्रश्न मालकांनी त्यांस कधी विचारला नाही, कारण जोवर विहिरीला पाणी आहे तोवर झरा कोणत्या बाजूने येतो याची चौकशी कोणी करीत नसतो.

तात्या गेले आणि त्यांच्या जागी तीन तरुण आले. तिघेही हुशार, तिघांच्याही खिशात कंपनीचे रंगीत माहितीपत्रक. त्यांतील एकाची पहिली मोहीम पाटोदा तालुक्यातील एका गावी झाली. बालाघाटाच्या त्या माळावर उन्हाळ्यात विहिरीत वाकून पाहिले असता पाण्याऐवजी खडकाचे दर्शन होते, हे त्यास ठाऊक असूनही त्याने पत्रकातील पहिले वाक्य म्हटले, की ठिबकामुळे पन्नास टक्क्यांपर्यंत पाण्याची बचत होते. म्हाताऱ्या शेतकऱ्याने ते शांतपणे ऐकून घेतले, विहिरीकडे बोट केले आणि विचारले, “पन्नास टक्के कशाचं? या इहिरीत काहीच न्हाई. त्याच्या निम्मं किती होतं, ते आदी सांगा.” शून्याला दोनाने भागण्याचे हे उदाहरण मुलाने शाळेत सोडविले होते, परंतु शेतावर त्याचे उत्तर त्यास आले नाही.

त्या संध्याकाळी मालकांनी ठराव केला की तात्यांच्या जिभेवरची विद्या कागदावर उतरवावयाची आणि नव्या माणसाच्या हाती द्यावयाची. हा विचार आपल्याच डोक्यात प्रथम आला अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती, आणि ती मोडण्याचे पातक आम्ही केले नाही. परंतु इतिहास असा आहे की अमेरिकेत डेटन गावी जॉन पॅटरसन नावाच्या गृहस्थाने १८८४ साली गल्ल्याची यंत्रे करणारा कारखाना घेतला, आणि त्याच्या असे ध्यानात आले की त्याचा जोसेफ क्रेन नावाचा मेहुणा प्रत्येक दुकानदारापुढे तेच ते भाषण जवळजवळ त्याच शब्दांत करतो आणि यंत्र खपवून येतो. पॅटरसनने ते भाषण लिहून काढावयास लावले, १८८७ साली त्याची पुस्तिका छापली आणि साऱ्या विक्रेत्यांनी ती मुखोद्गत करावी असे फर्मान काढले. पुढे दुकानदारांच्या आक्षेपांना द्यावयाच्या उत्तरांचा निराळा ग्रंथही तेथे तयार झाला. त्याच कारखान्यात उमेदवारी केलेला टॉमस वॉटसन नंतर आयबीएम कंपनीचा सर्वेसर्वा झाला आणि ही पाठांतराची परंपरा बरोबर घेऊन गेला. हा वृत्तांत आम्ही मालकांस सांगितला तेव्हा ते एवढेच म्हणाले, “गल्ल्याचं यंत्र दुकानदाराला विकणं सोपं हाय. त्याच्या दुकानात गल्ला तरी असतो.”

मालकांनी प्रथम स्वतःच एक मसुदा सिद्ध केला. त्याची भाषा पाहता तो ठिबक संचाविषयी नसून एखाद्या संस्थानिकाच्या राज्यारोहणाविषयी असावा असे वाटे. “अत्याधुनिक, अद्वितीय, दीर्घायुषी” अशा विशेषणांचा त्यात पूर होता आणि नळी हा शब्द दुसऱ्या पानावर प्रथम येत होता. मुलांनी तो पाठ केला. पाठांतराचा एक अटळ धर्म असा की मध्येच कोणी अडविले तर पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागते. आणि बीड जिल्ह्यातील शेतकरी अडविल्यावाचून कोणाचे काही ऐकून घेईल ही अपेक्षाच मुळी भूगोलाच्या विरुद्ध आहे. शिरूर कासारकडे गेलेला मुलगा “आमचा संच” येथवर पोहोचला की समोरचा विचारी, “किती रुपये?” मग मुलगा गोंधळून पुन्हा “नमस्कार, आपल्या समृद्ध शेतीसाठी” येथून आरंभ करी. असे काही वेळा झाल्यावर त्या शेतकऱ्याने अत्यंत कनवाळूपणे विचारले, “लेकरा, तू ग्रामपंचायतीचं भाषण करायला आलाव का?”

येथे आम्हांस पाचारण झाले. आमचे अक्षर बरे आहे आणि आम्ही निवृत्त आहोत, या दोन गुणांवर गावात कोणत्याही कामाला माणसाची नेमणूक होऊ शकते. आमचे म्हणणे एवढेच पडले की उत्तरे लिहिण्याच्या अगोदर प्रश्न जमा करावेत, आणि तेही आपण कल्पिलेले नव्हे, तर शेतकऱ्याने प्रत्यक्ष उच्चारलेले. सरकारी कचेरीत आलेल्या प्रत्येक कागदाची नोंद होते ती बारनिशी. तशी हरकतींची बारनिशी दुकानात सुरू झाली. रोज संध्याकाळी रोकड मोजण्यापूर्वी प्रत्येक मुलाने गावाचे नाव, पीक, पाण्याचा प्रकार, शेतकऱ्याचे शब्द जसेच्या तसे, आपण काय बोललो, आणि शेवट काय झाला हे सांगावयाचे व आम्ही लिहावयाचे. शेवटच्या रकान्यात तीनच शब्दांना मुभा होती: झाले, नाही, तहकूब. “बघू म्हणाले”, “सकारात्मक वाटले”, “आवडले बहुधा” असल्या नोंदी आम्ही निर्दयपणे तहकुबात टाकीत असू, आणि तहकुबाला तारीख नसेल तर ती “नाही” मध्ये. या एका नियमामुळे पहिल्या पंधरवड्यात दुकानाचा संभाव्य धंदा कागदावरून एकदम निम्म्यावर आला, आणि मालकांनी दोन दिवस आमच्याशी बोलणे सोडले.

शब्द जसेच्या तसे लिहिण्याचा आग्रह मुलांना प्रथम हट्ट वाटला. “शेतकऱ्याला किंमत जास्त वाटली” असे ते सांगत. आम्ही विचारीत, तो बोलला काय? मग निघे ते असे: “एवढ्यात माझी म्हैस येती.” आता किंमत जास्त वाटणे ही एक गोष्ट आहे आणि म्हशीशी तुलना होणे ही अगदी दुसरी, कारण पहिल्याला सवलत हे उत्तर असेल, पण दुसऱ्याला रोज दूध देणाऱ्या वस्तूशी सामना करावा लागतो. अशा नोंदी शेकड्याने साचू लागल्यावर एक मौजेची गोष्ट दृष्टोत्पत्तीस आली. वेगवेगळ्या गावांची, वेगवेगळ्या तोंडांची ती बोलणी चार-पाच मुद्द्यांभोवतीच फिरत होती, आणि त्यांतील पुष्कळशी मुळात हरकती नसून सबबी होत्या. हरकतीला उत्तर असते. सबबीला उत्तर दिले की शेतकरी दुसरी सबब काढतो, तिला दिले की तिसरी, आणि तात्यांखेरीज कोणीही हा सामना आजवर जिंकलेला नाही.

“घरी विचारून सांगतो” ही या सबबींची महाराणी. मुले तेथून निमूट परत येत. बारनिशीतील “झाले” या नोंदी आम्ही मागे जाऊन तपासल्या तेव्हा दिसले की ज्या थोड्या ठिकाणी हे वाक्य येऊनही व्यवहार पुरा झाला होता, तेथे मुलाने सहज विचारले होते, “विचारायचं कुणाला?” कोणी भावाचे नाव घेतले, कोणी आईचे, कोणी नुसता हसला, आणि हसला तेथे खरी अडचण पैशाची होती. वडवणीकडच्या एका शेतकऱ्याने बायकोचे नाव घेतले, मुलगा तिच्यापाशी गेला, आणि मग जी हरकत निघाली ती आमच्या मसुद्यातच काय पण कंपनीच्या पत्रकातही नव्हती. ती म्हणाली, “नळ्या तुम्ही टाकून जाताल. कोळपं कोण हाणणार? खुरपताना नळी कापली की बोलणी मला बसत्यात.” त्या माउलीचे म्हणणे अक्षरशः खरे होते. शेतात नळ्यांशी ज्यांचा रोजचा संबंध येतो त्या खुरपणाऱ्या बाया असतात, आणि विक्रेता मात्र बोलत असतो बांधावर बसलेल्या पुरुषाशी. बारनिशीवरून आम्ही पुढे उत्तरांची जी पोथी रचली, तीत या हरकतीला एक अख्खे पान मिळाले. कोळपणीच्या आधी नळ्या उचलून ओळीच्या कडेला कशा घ्यावयाच्या, कापलेली नळी जोडण्याचे जोडतुकडे संचाबरोबर आगाऊच किती द्यावयाचे, आणि हे सारे घरधन्याला नव्हे तर घरधनिणीला करून दाखवावयाचे, असे ते पान आहे. तेव्हापासून तिथल्या “तहकूब” नोंदी बऱ्याच रोडावल्या.

परंतु पोथीचा गाभा म्हणजे पाण्याचे पान. पाटोद्याच्या म्हाताऱ्याने उभा केलेला प्रश्न आम्ही तात्यांकडेच नेला. समोरच्या गाळ्यात जाऊन प्रतिस्पर्ध्याला विद्या विचारणे प्रशस्त नव्हे, पण चहाला गेलो असता विषय निघाला, त्याला कोण काय करणार! तात्या म्हणाले, “पाणी न्हाई म्हणणाऱ्याला मी कधी न्हाई म्हणलं न्हाई. मी म्हणायचो, किती न्हाई ते मोजू.” एवढ्या एका वाक्यावर पान उभे राहिले. पोथीत उत्तराऐवजी कृती लिहिली. मुलाने गाडीवर दोनशे लिटरचे प्लास्टिकचे पिंप न्यावे, शेतकऱ्याला मोटार चालू करावयास सांगावे, आणि पिंप किती सेकंदांत भरते ते मोबाइलवर पाहावे. त्यानंतर दुसरा प्रश्न: मोटार किती वेळ चालल्यावर हवा धरते? आणि तिसरा: विहीर पुन्हा केव्हा भरते? या तीन गोष्टी कळेपर्यंत मुलाने ठिबक हा शब्द उच्चारावयाचा नाही.

ही पद्धत पुढे आष्टी तालुक्यात एका कापसाच्या शेतावर वापरली गेली, त्याची नोंद आमच्याच अक्षरात आहे. पिंप ऐंशी सेकंदांत भरले, म्हणजे तासाला नऊ हजार लिटर पाणी. मोटार तासभर चालून हवा धरीत असे, आणि संध्याकाळपर्यंत विहिरीत तेवढेच पाणी पुन्हा येत असे. शेतकऱ्याची जमीन चार एकर, आणि त्याचा आग्रह चारही एकरांत नळ्या टाकण्याचा, कारण शेजाऱ्याने तसे केले होते. आता हिशेब पाहा. एक एकर म्हणजे त्रेचाळीस हजार पाचशे साठ चौरस फूट. ओळींत पाच फुटांचे अंतर धरले तर एकरी सुमारे दोन हजार साडेसहाशे मीटर नळी लागते, आणि साठ सेंटीमीटरवर एक तोटी धरल्यास सव्वाचार हजारांहून अधिक तोट्या होतात. प्रत्येक तोटी तासाला चार लिटर देणारी असेल तर एका एकराला तासाला साडेसतरा हजार लिटर पाणी लागेल, म्हणजे मोटारीच्या जवळजवळ दुप्पट. तेव्हा दाब पडेल, पहिल्या ओळी न्हातील आणि शेवटच्या उपाशी राहतील. तीच तोटी दोन लिटरची घेतली तर पुरे एकर नऊ हजारांत बसते. येथवर मुलगा खूश होता. पण पोथीत याच्यापुढची ओळ अशी आहे की पुरवठा एक गोष्ट आणि पुरेसा पुरवठा ही दुसरी गोष्ट. एकरभर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे चार हजार लिटर. नऊ हजार लिटर म्हणजे दोन मिलिमीटरांहून थोडे अधिक. आणि बोंडे भरण्याच्या दिवसांत पावसाने पाठ फिरवली असता कापसाला दिवसाकाठी चार-पाच मिलिमीटर तरी हवे असते. सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास, असे दोनदा मोटार चालली, आणि तीन फेजच्या विजेची पाळी त्या वेळी असली, तर कोठे एक एकर निभेल. चार एकरांचे नाव काढू नये.

मुलाने हे सारे वहीच्या पाठच्या पानावर शेतकऱ्यासमोर मांडले आणि म्हणाला, “काका, चार एकराचं साहित्य मी आज देऊ शकतो, पण पाणी एकाच एकराचं हाय.” शेतकरी बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला, मग म्हणाला, “माल कमी घ्या म्हणणारा दुकानदार म्यां पहिल्यांदा बघतोय. काहीतरी भानगड दिसते.” त्याने त्या दिवशी काहीच घेतले नाही, बारनिशीत तारखेसह “तहकूब” अशी नोंद झाली, आणि नेमलेल्या दिवशी तो स्वतः दुकानात येऊन एका एकराचे साहित्य घेऊन गेला. मालकांनी शेवटच्या रकान्यात “झाले” असे लिहिले खरे, पण त्या शब्दाच्या कडेला त्यांनी बारीक अक्षरात तीन एकरांची रक्कमही मांडून ठेवली होती, ती आम्ही पाहिली.

नळ्यांच्या तोंडाशी पांढरा क्षार धरतो, तोट्या चोक होतात, ही हरकत येथे इतकी सार्वत्रिक आहे की नव्या मुलाला ती रस्त्यात भेटते. मूळ मसुद्यात तिला “आमच्या तोट्या कधीही चोक होत नाहीत” असे उत्तर होते. ते वाक्य वाचल्यावर आम्ही मालकांच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि मालकांनी भिंतीवरील दिनदर्शिकेकडे पाहिले. आता पोथीत उत्तर “होतात” या शब्दाने सुरू होते. त्यापुढचे उत्तर बोलावयाचे नसून शेजारच्या गावातील जुन्या गिऱ्हाइकाच्या शेतात नेऊन करून दाखवावयाचे आहे: पहिल्या तोटीखाली एक पेला आणि शेवटच्या ओळीतील शेवटच्या तोटीखाली दुसरा पेला, एक मिनिट. चार लिटरची तोटी मिनिटाला सदुसष्ट मिलिलिटरच्या आसपास पाणी देते. शेवटच्या पेल्यात पन्नासहून कमी आले तर एक तर तोटी भरली आहे किंवा दाब पडला आहे. मग त्याच ओळीचे टोक उघडावे. आरंभी गढूळ पाणी आले आणि थोड्याच वेळात स्वच्छ झाले तर दोष गाळाचा, आणि पाणी पहिल्यापासून स्वच्छ असूनही पेला रिकामा राहिला तर बहुधा दोष क्षाराचा. गाळाला गाळणी धुणे आणि टोके पंधरवड्याने मोकळी करणे पुरते. क्षाराला आम्ल सोडावे लागते, आणि तेही पाण्यात आम्ल ओतावयाचे, आम्लात पाणी कदापि नाही, हे वाक्य पोथीत तांबड्या शाईने आहे. जो शेतकरी हे एकदा पाहतो तो पुन्हा ही हरकत घेत नाही. मात्र त्यापैकी काहीजण घरी जाऊन समोरच्या दुकानातून घेतलेल्या जुन्या संचाखाली पेला लावतात आणि तात्यांकडे तक्रार नेतात, असेही ऐकिवात आहे.

गेवराई आणि माजलगाव या बाजूला हीच पोथी उलटी धरावी लागते. गोदावरीकाठी आणि कालव्यावर ऊस उभा असतो, तेथील शेतकरी पाण्याची वानवा सांगत नाही; तो म्हणतो, “पाणी हाय की रग्गड, नळ्या कशाला?” त्याच्यापुढे पाण्याची बचत मांडणारा मुलगा हा त्याच्या दृष्टीने अन्नछत्राच्या दारात उपासाचे महत्त्व सांगणारा गृहस्थ. तेथे पिंप न्यावयाचे नाही. तेथे युरियाच्या गोणीवरून बोलणे सुरू करावयाचे, कारण सोडून दिलेल्या पाण्याबरोबर खताचा बराचसा भाग मुळांच्या खाली निघून जातो, आणि नळीतून दिलेले खत मुळापाशी राहते, हे त्यास खिशाच्या भाषेत कळते. एका जिल्ह्याला एक पोथी पुरेल ही मालकांची समजूत या ठिकाणी संपली, आणि पोथीच्या दोन आवृत्त्या झाल्या: डोंगराची आणि नदीची. शिरूरकडे जाणाऱ्या मुलाने चुकून नदीची आवृत्ती नेली असता काय झाले ते सांगण्यासारखे नाही.

एक पान मात्र उत्तरांचे नसून मनाईचे आहे. “अनुदान आम्ही मिळवून देऊ” हे वाक्य दुकानातील कोणीही उच्चारू नये. अल्प व अत्यल्प भूधारकाला केंद्राच्या योजनेतील पंचावन्न टक्क्यांवर राज्याची भर पडून ऐंशी, आणि इतरांस पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत मिळते, हे शेतकऱ्याला मुलापेक्षा चांगले ठाऊक असते. जे ठाऊक नसते ते असे की ही टक्केवारी सरकारने ठरविलेल्या खर्चावर आहे, दुकानाच्या बिलावर नव्हे, आणि पूर्वसंमती हाती येण्याआधी खरेदी केली तर पुढील सारा पत्रव्यवहार व्यर्थ होतो. तेव्हा ऐंशी टक्क्यांचे स्वप्न घेऊन आलेल्या माणसाला आधी दोन आकडे शेजारीशेजारी लिहून दाखवावयाचे, बिलाचा आणि मंजूर खर्चाचा. त्या दोहोंमधील तफावत त्यानेच भरावयाची असते. हे दाखविल्यावर काही गिऱ्हाइके उठून जातात. मालकांना याचे दुःख होते, आणि आम्ही त्यांस सांगतो की जी उठून गेली ती आज गेली. अन्यथा अनुदान जमा झाल्यावर भांडावयास आली असती.

पोथीत पंचांगही आहे, आणि ते शास्त्रापेक्षा बाजारावर आधारलेले आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास डोंगरपट्ट्यातील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. मधल्या काळात त्या गावांत गेलेल्या मुलाला भेटतात ती म्हातारी माणसे, शाळेतील पोरे आणि कुत्री, आणि यांपैकी कोणाच्याही सहीला व्यवहारात किंमत नसते. निघण्यापूर्वी मात्र मुकादमाकडून घेतलेली उचल हाती असते, आणि तात्या नेमके त्याच आठवड्यात त्या गावी असत. मालकांनी हे पान “सर्वोत्तम काळ” या मथळ्याखाली लिहावयास सांगितले. आमचे आणि त्यांचे येथे बरेच बिनसले. उचलीचा पैसा हा अजून न केलेल्या मजुरीचा पैसा आहे. नळ्यांची रक्कम त्यातून भरून ज्याने पाठ फिरवली, त्याच्या शेतात त्या नळ्या सबंध हिवाळा उंदरांच्या ताब्यात राहणार, आणि परत आल्यावर तो पहिला हिशेब दुकानाशी करणार. शेवटी मालकांनी तडजोड म्हणून ते पान कोरे ठेवले, आणि कोऱ्या पानाचा अर्थ प्रत्येक मुलगा आपापल्या सदसद्विवेकाप्रमाणे लावतो.

पोथी आता तिच्या तिसऱ्या आवृत्तीत आहे. दर सहा महिन्यांनी बारनिशी पुन्हा वाचावी आणि ज्या उत्तरापुढे “नाही” फार साचले असेल ते उत्तर काढून टाकावे, असा नियम आम्ही घातला आणि मुलांनी तो आमच्या अपेक्षेहून अधिक उत्साहाने पाळला. काढून टाकलेल्या उत्तरांत मालकांनी स्वतः रचलेली सर्व उत्तरे होती. उत्तरे मात्र गावे ओलांडून पळतात. मोंढ्यावरच्या चहाच्या टपरीवर मुले बसतात, शेजारी समोरच्या दुकानातील मुले बसतात, आणि आता जिल्ह्यातील पुष्कळ विक्रेते पिंप घेऊन हिंडताना दिसतात.

मागच्या आठवड्यात आमचा मुलगा शिरूर कासार तालुक्यातील एका बांधावर गेला. त्याने राम राम केला, पावसाची विचारपूस केली, आणि पिंप खाली उतरविले. शेतकऱ्याने त्याला हाताने थांबविले आणि म्हणाला, “थांब. माझा भाचा तुमच्याच दुकानात कामाला हाय, त्यानं ती वही मला वाचून दाखवलीया. पिंप ऐंशी सेकंदांत भरतं, मोटार तासभर चालते, दोन लिटरची तोटी, एकच एकर. पेला बी मी लावून पाहिलाय. आता यातलं काही सांगू नको. भाव कितीला लावताव, तेवढं बोल.” मुलगा परत आल्यावर आम्ही हे सारे शब्दशः उतरवून घेतले. शेवट काय झाला, असे मालकांनी विचारले. “तहकूब,” मुलगा म्हणाला, “सोमवारी बोलावलंय.” उत्तराचा रकाना अजून मोकळा आहे, मालकांनी तो भरण्यासाठी त्या भाच्याला उद्या सकाळी लवकर बोलाविले आहे.